अतिदाब प्रक्रिया व विकिरण प्रक्रिया

उष्णतेचा आधार न घेता अन्न टिकवण्याच्या दोन पद्धती. पहिलीत हवाबंद बाटलीतले किंवा पिशवीतले अन्न पाण्याने भरलेल्या जाड पोलादी पात्रात ठेवून त्यावर साधारण ४०० ते ६०० मेगापास्कल दाब काही मिनिटे दिला जातो. दुसरीत कोबाल्ट-६० चे गॅमा किरण, क्ष-किरण किंवा वेगवान इलेक्ट्रॉन यांची मोजलेली मात्रा अन्नाला दिली जाते. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात पहिली ‘एचपीपी’ आणि दुसरी ‘इरॅडिएशन’. अन्नतंत्रज्ञानाच्या परीक्षेत दोन्ही बहुधा एकाच प्रश्नात जोडीने येतात, आणि उत्तरपत्रिकेत ‘पोषणमूल्य टिकते, साठवणकाळ वाढतो’ ही वाक्ये दोघींच्या नावावर सारखीच लिहिली जातात. अशा उत्तराला थोडे गुण मिळतात, पण कोणत्या मालाला कोणती पद्धत लावायची ते त्यातून कळत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला हा फरक समजून घ्यायला पुस्तकाबाहेरची उदाहरणे हाताशी आहेत. राहुरीला १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, त्याच विद्यापीठाने प्रसारित केलेले भगवा वाणाचे डाळिंब जिल्ह्यात पिकते, आणि चाळीत भरायचा उन्हाळी कांदा तर गावोगाव. कांदा विकिरणाला देतात, डाळिंबाचा रस दाबाला. उलट केले तर दोन्ही बिघडतात. हे का, एवढे नीट सांगता आले की बहुतेक उत्तर झाले.

दाबाने रेणूंमधले अशक्त बंध विस्कटतात: हायड्रोजन बंध, आयनी आकर्षण, प्रथिनाची घडी धरून ठेवणारे जलविरोधी बंध. जिवाणूचे पेशीपटल फाटते, प्रथिने उलगडतात आणि तो मरतो. सहसंयुज बंध मात्र या दाबाला दाद देत नाहीत. म्हणून क जीवनसत्त्व, रंगद्रव्ये आणि वासाचे छोटे रेणू बरेचसे शाबूत राहतात. विकिरणाचा मार्ग वेगळा आहे. किरणाची ऊर्जा थेट डीएनएची साखळी तोडते, किंवा पेशीतल्या पाण्यातून हायड्रॉक्सिल मुक्तमूलके तयार करून त्यांच्याकरवी तोडते. पेशीचा बाकी संसार चालू राहतो, पण तिला विभाजन करता येत नाही.

‘उष्णतेविना’ या शब्दाची परीक्षाही एका आकडेमोडीत होते. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक जूल. दहा किलोग्रे ही मोठी मात्रा दिली तरी किलोमागे १०,००० जूल जातात. पाण्याची विशिष्ट उष्णता ४,१८६ धरली तर तापमान जेमतेम २.४ अंशांनी वाढते. कांद्याला लागणाऱ्या ६० ग्रेने होणारी वाढ अंशाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे न मोजण्यासारखी. दाबाचे तसे नाही. पाणी दाबले की दर १०० मेगापास्कलला सुमारे ३ अंशांनी तापते. ६०० मेगापास्कलला ही वाढ १८ अंश होते. रस ५ अंशांवर पात्रात गेला तर आत तो २३ अंशांपर्यंत चढतो आणि दाब सोडला की पुन्हा उतरतो. २५ अंशांचा रस तसाच भरला तर तो ४३ ला पोचतो. म्हणून माल आधी गार करून भरतात. ‘एचपीपीत तापमान वाढतच नाही’ हे वाक्य त्यामुळे सपशेल चूक आहे, आणि ते दरवर्षी लिहिले जाते.

आता कांदा. चाळीतला कांदा तीन प्रकारे तोट्यात जातो: वजनातली घट, सड आणि कोंब. यातल्या फक्त कोंबावर विकिरणाचा उपाय चालतो. कांद्याच्या मध्यभागी असलेल्या अंकुरातल्या विभाजनशील पेशी फार नाजूक असतात. त्यांना थांबवायला ६० ग्रेच्या आसपासची मात्रा पुरते, तर मसाल्यातले जिवाणू मारायला ६ ते १४ किलोग्रे लागतात. जीव जितका मोठा आणि गुंतागुंतीचा, तितकी त्याला पुरणारी मात्रा कमी, हा सर्वसाधारण नियम: वनस्पतीचा अंकुर, मग कीटक, मग जिवाणू, शेवटी बीजाणू आणि विषाणू. हा क्रम पाठ असेल तर मात्रांचा तक्ता घोकावा लागत नाही.

वेळ इथे मात्रेइतकीच महत्त्वाची असते. काढणीनंतर कांदा पातीसकट शेतात सुकवतात, मग मान थोडी ठेवून पात कापतात आणि सावलीत पुन्हा सुकू देतात. याच काळात, म्हणजे कांदा सुप्तावस्थेत असताना, काढणीपासून दोन-तीन आठवड्यांत विकिरण व्हावे लागते. उशीर झाला आणि आतला अंकुर हलू लागला, तर किरणांनी तो मरतो आणि तिथेच काळपटतो. असा कांदा बाहेरून निर्दोष दिसतो. उभा चिरला की गाभ्यात तपकिरी ठिपका सापडतो आणि उशीर झाल्याचे तेव्हा कळते. सुकवणी नीट झाली नसेल तर काळी बुरशी आणि सड ठरल्या वेळी येणारच. ६० ग्रेला बुरशी भीक घालत नाही.

मात्रा सगळ्या कांद्यांना सारखी बसत नाही, हा मुद्दा उत्तरांत क्वचितच येतो. पेटाऱ्यात बाहेरच्या बाजूच्या कांद्याला जास्त किरण मिळतात, मधल्याला कमी. समजा मधल्या कांद्याला किमान ६० ग्रे द्यायचे ठरवले आणि त्या पेटाऱ्यात कमाल व किमान मात्रेचे गुणोत्तर २ निघाले, तर कडेच्या कांद्याला १२० ग्रे जातील. भारताच्या २०१२ च्या नियमांत कंद व मुळांना कोंब रोखण्यासाठी ०.०२ ते ०.२ किलोग्रे, म्हणजे २० ते २०० ग्रे, एवढी मुभा आहे. दोन्ही टोके मर्यादेत बसतात, म्हणून हा पेटारा चालतो. गुणोत्तर ४ निघाले असते तर कडेचा कांदा २४० ग्रे घेऊन नियमाबाहेर गेला असता, आणि पेटाऱ्याची जाडी कमी करावी लागली असती. मात्रामापक पेटाऱ्यात ठिकठिकाणी ठेवतात ते यासाठी.

कांदा यामुळे किरणोत्सारी होतो का, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. होत नाही. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण १.१७ आणि १.३३ एमईव्ही ऊर्जेचे असतात, आणि अन्नातल्या अणूंची केंद्रके किरणोत्सारी करायला ही ऊर्जा अपुरी पडते. क्ष-किरणांना ५ आणि इलेक्ट्रॉनांना १० एमईव्हीची कमाल मर्यादा घातली आहे तीही याच कारणाने. कांदा स्रोताला शिवतही नाही. स्रोत बंद नळ्यांत असतो, पेटारे सरकत्या यंत्रणेवरून त्याच्या भोवतीने जातात, आणि काम नसताना स्रोत खोल पाण्याच्या हौदात उतरवलेला असतो.

असे एक केंद्र शेजारच्या नाशिक जिल्ह्यात लासलगावला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली उभारलेल्या या केंद्राचे नाव ‘कृषक’. कांद्याच्या बाजारपेठेत ते बांधले गेले, पण नाव कमावले आंब्याने: २००७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याला मान्यता दिली आणि भारतीय आंबा ४०० ग्रे मात्रा घेऊन तिकडे जाऊ लागला. तिथे हेतू कोंब रोखण्याचा नसून फळातली कीड निष्प्रभ करण्याचा असतो. ‘मात्रा कशासाठी’ हे लिहिल्याशिवाय नुसता आकडा लिहू नये, हे या एका केंद्रावरूनच पटावे.

कांद्याला दाब का नको, याचे उत्तर सरळ आहे. विकिरणातून निघालेला कांदा जिवंत असतो, श्वसन करतो. ६०० मेगापास्कलमधून निघालेला कांदा मेलेला असतो. पेशी फुटतात, पाकळ्यांमधली हवा दबते, आणि एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असलेले विकर व गंधकाची संयुगे एकत्र येतात. हाती येतो तो लिबलिबीत, पाणी सुटलेला गोळा.

डाळिंबाच्या रसाचे गणित याच्या उलट. तडकलेली, डागाळलेली फळे बाजारात मार खातात, पण आतले दाणे बरेचदा उत्तम असतात. त्यांचा रस काढता येतो. उष्णतेने त्याचा लाल रंग आणि ताजेपणा उतरतो. विकिरणाने रसातल्या भरपूर पाण्यातून मुक्तमूलके निघतात आणि चव-रंग दोन्ही बिघडवतात. दाबाने रंगद्रव्य टिकते. रस प्लॅस्टिकच्या लवचीक बाटलीत, वर शक्य तितकी कमी हवा ठेवून भरतात, कारण ६०० मेगापास्कलला पाण्याचे आकारमान सुमारे १५ टक्क्यांनी घटते आणि बाटलीला तेवढे आत जाऊन परत यावे लागते. काचेची बाटली इथे फुटते. दाब सर्व बाजूंनी एकाच वेळी सारखा पोचतो, त्यामुळे बाटली लहान असो वा मोठी, धारणकाळ तोच राहतो. उष्णतेसारखी मध्यापर्यंत पोचायची वाट पाहावी लागत नाही. टोपणाशी ओल दिसली तर झाकण दाबात हलले असे समजावे आणि ती बाटली बाजूला काढावी.

पण हा दाब बीजाणू मारत नाही. डाळिंबाचा रस आंबट, त्याचा पीएच ४.६ च्या बराच खाली असतो, म्हणून बोट्युलिझमचे बीजाणू जिवंत असले तरी त्यात वाढत नाहीत. तरीही बाटली शीतपेटीतच ठेवायची. काही विकरे दाबाला पुरून उरतात आणि रस हळूहळू काळवंडवतात.

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात परीक्षकाने विचारावा असा पुढचा प्रश्न उसाच्या रसाचा. त्याचा पीएच साधारण ५ ते ५.५. तो नुसता ६०० मेगापास्कलला दाबून खोलीच्या तापमानाला विकायला ठेवणे धोक्याचे आहे: स्पर्धक जिवाणू मेलेले, बीजाणू जिवंत, वर साखरेचा साठा आणि बाटलीत प्राणवायू नाही. शिवाय उसातले पॉलिफिनॉल ऑक्सिडेज दाबाने पूर्ण मरत नाही, रस काळा पडतोच. रसवंतीवाला चवीसाठी पिळतो ते लिंबू इथे सुरक्षिततेसाठी लागते, आणि अंदाजाने नव्हे तर पीएच मोजून, ४.६ च्या खाली येईपर्यंत. त्यानंतरही शीतसाखळी सुटत नाही. बीजाणूंचा नायनाट हवाच असेल तर दाबाला ९० ते १२० अंशांच्या उष्णतेची जोड द्यावी लागते, आणि मग ही पद्धत ‘उष्णतेविना’ राहत नाही.

खर्चाबद्दल दोन वाक्ये उत्तरात असावीत. दाबयंत्र महागडे असते आणि घाण्याघाण्याने चालते, पण बंद असताना त्याची ताकद कमी होत नाही. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षे, म्हणजे स्रोत दरवर्षी सुमारे १२ टक्के क्षीण होतो, मग त्यासमोरून माल गेलेला असो वा नसो. उन्हाळी कांदा आणि आंबा दोन्ही एकाच हंगामात येतात, बाकीचे महिने केंद्राला मसाले आणि इतर माल शोधावा लागतो. म्हणूनच नगरच्या बहुतेक शेतकऱ्यांच्या कांद्याची साठवण आजही कांदाचाळीतच होते, आणि चाळीचा प्रश्न आल्यास विकिरणाचे कौतुक करण्याआधी सुकवणी आणि हवा खेळती राहण्यावर लिहावे.