पूर्वप्रस्तावातील पार्श्वभूमीचा पुनर्वापर

संशोधन-अनुदानाच्या जुन्या अर्जातील पार्श्वभूमीचा मजकूर नव्या अर्जात वा शोधनिबंधात पुन्हा वापरणे. अर्ज हे प्रकाशित साहित्य नसल्याने असा वापर सहसा स्व-वाङ्मयचौर्य ठरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या सूचनेचा रोख स्वतःचे आधी प्रकाशित झालेले लेखन संदर्भ न देता पुन्हा छापण्यावर आहे.

समजा, धार जिल्ह्यातील गंधवानी परिसराच्या भूविज्ञानावर २०१९ मध्ये अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. त्यातील लमेटा व बाघ थरांचे वर्णन नव्या अर्जात जसेच्या तसे घेता येते. मात्र धार जिल्ह्यातील डायनोसॉरची ९२ घरटी व २५६ अंडी यांची नोंद २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली; ती नसेल तर परीक्षकाला परिच्छेद शिळा असल्याचे लगेच कळते. खरी अडचण हीच असते.

तोच परिच्छेद मधल्या काळात निबंधात छापला गेला असेल, तर त्या निबंधाचा संदर्भ द्यावा लागतो. मजकूर सहसंशोधकाने लिहिला असेल तर त्याची संमती हवी; ती नसल्यास प्रश्न थेट वाङ्मयचौर्याचा होतो. एकाच कामासाठी दोन संस्थांकडून पैसे घेणे हा वेगळा आणि गंभीर गैरप्रकार आहे.