मुहूर्त, पाळी आणि पंगत : शिरोली औद्योगिक परिसरातील गृहप्रवेशाच्या दिनक्रमाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

कोल्हापूरजवळच्या पुलाची शिरोली येथील औद्योगिक वसाहत ओतशाळा आणि यंत्रभागांच्या कारखान्यांसाठी ओळखली जाते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि अशा वसाहतींच्या आसपास पाळ्यांवर चालणारे जीवन रुजत गेले. या परिसरात नवे घर बांधणाऱ्या कुटुंबाला गृहप्रवेशाच्या दिवशी दोन घड्याळांचा मेळ घालावा लागतो. एक पुरोहिताने काढलेल्या मुहूर्ताचे, दुसरे पाहुण्यांच्या पाळीचे. ही दोन घड्याळे एकमेकांपासून कशी दुरावली आणि विधी, भोजन व पाहुण्यांचे येणे यांचा क्रम त्यामुळे कसा बदलला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घटिका आणि प्रमाणवेळ

जुन्या गणनेत सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत साठ घटिका मानल्या जात. तळाला छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडले की ते चोवीस मिनिटांत बुडे, आणि ती एक घटिका होई. दोन घटिकांचा एक मुहूर्त. दिवसाचे असे पंधरा मुहूर्त कल्पिले असून त्यांपैकी आठवा, म्हणजे नेमका मध्यान्हीचा, तो अभिजित. या पद्धतीत घरातील यजमान आणि गावातील पाहुणा दोघेही एकाच सूर्याकडे पाहून वेळ ठरवीत.

१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ही वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे आणि कोल्हापूर सुमारे सव्वाचौऱ्याहत्तर अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे याप्रमाणे हा फरक सुमारे ३३ मिनिटांचा होतो. म्हणून शिरोलीत सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे, तर सरासरीने १२ वाजून ३३ मिनिटांनी. फेब्रुवारीच्या मध्यास तो पाऊण वाजण्याच्या सुमारास येतो, तर नोव्हेंबरच्या आरंभी सव्वाबाराच्या सुमारास. ‘अभिजित म्हणजे बाराचा मुहूर्त’ हा समज त्यामुळे या परिसरात चुकीचा ठरतो. बाराच्या ठोक्याला कलश घेऊन उंबरठ्यावर उभे राहणारे कुटुंब वर्षातील अनेक दिवशी अभिजित सुरू होण्यापूर्वीच आत गेलेले असते.

मुहूर्त कोणत्या क्षणाचा?

मुहूर्त संपूर्ण कार्यक्रमाला बांधत नाही. तो प्रामुख्याने एका क्रियेचा, म्हणजे यजमान दांपत्याने कलशासह उंबरठा ओलांडण्याचा असतो. मुहूर्तचिंतामणी (इ.स. १६००) या रामदैवज्ञकृत ग्रंथात गृहप्रवेशाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मुहूर्तपरंपरेत प्रवेशासाठी स्थिर लग्न, म्हणजे वृषभ, सिंह, वृश्चिक किंवा कुंभ राशी पूर्वक्षितिजावर असण्याचा काळ, पसंत केला जातो. एक लग्न साधारण दोन तास टिकते. उरलेल्या विधींचा क्रम ठरलेला असला, तरी त्यांची घड्याळी वेळ लवचीक असते.

भोजनाचे स्थानही याच संदर्भात पाहावे लागते. ज्या घराला दारे नाहीत, छप्पर नाही, जेथे बली दिलेला नाही आणि भोजन घातलेले नाही, अशा घरात प्रवेश करू नये, असा नियम या परंपरेत सांगितला जातो. म्हणजेच पंगत हा आतिथ्याचा उपचार तर आहेच, पण तो प्रवेशाच्या पूर्णतेचाही भाग आहे. पाहुण्यांची सोय म्हणून नैवेद्याआधीच पाने वाढली गेली, तर पुरोहित नाराज होतो ते या कारणाने.

एका दिवसाची मांडणी

उदाहरणादाखल मे महिन्याच्या मध्यातील एक दिवस घेता येईल. या सुमारास शिरोलीत सूर्योदय सहाच्या आसपास आणि सूर्यास्त सातच्या थोडा आधी होतो. दिवसमान सुमारे १२ तास ५५ मिनिटांचे असल्याने पंधरावा भाग ५२ मिनिटांचा येतो. मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास धरल्यास अभिजित १२ वाजून ४ मिनिटांपासून १२ वाजून ५६ मिनिटांपर्यंत येतो. सूर्य नुकताच वृषभेत आलेला असल्याने सकाळी सुमारे आठपर्यंत वृषभ लग्न असते आणि दुपारी साडेबाराच्या आगेमागे सिंह लग्न सुरू होते. पुरोहितापुढे त्यामुळे दोन पर्याय असतात.

दुपारचा प्रवेश धरल्यास वेळ उलटी मोजावी लागते. गणपतिपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन आणि नांदीश्राद्ध यांना सव्वा तास, वास्तुमंडल व ग्रहांच्या पूजनास एक तास, अग्निस्थापन व होमास सव्वा ते दीड तास, आणि बलिदान, पूर्णाहुती, घराभोवती सूत्र गुंडाळणे व वास्तुप्रतिमा पुरणे यांना अर्धा तास लागतो. एकूण चार ते सव्वाचार तास. म्हणजे संकल्प आठच्या सुमारास व्हावयास हवा. साडेदहापर्यंत अग्नी प्रज्वलित झाला नाही, तर मुहूर्त हुकण्याच्या बेतात आहे असे ओळखावे. मग घाईने होम आटोपला जातो किंवा पूर्णाहुती प्रवेशानंतर ढकलली जाते आणि उपाशी यजमान दांपत्याचे जेवण तीनच्या पुढे जाते. वयोवृद्ध अथवा मधुमेही यजमानाच्या बाबतीत हा विलंब केवळ गैरसोयीचा राहत नाही.

सकाळचा प्रवेश निवडला, तर सात-साडेसातला मोजक्या घरच्या मंडळींसह कलश आत येतो, नव्या चुलीवर दूध उतू घातले जाते आणि शांतिकर्म त्यानंतर दुपारपर्यंत सावकाश चालते. या क्रमाचा आणखी एक लाभ असा की, नैवेद्याचा स्वयंपाक नव्या स्वयंपाकघरातच करता येतो. दुपारच्या प्रवेशात तो बहुधा मांडवातच करावा लागतो. मात्र शांतीपूर्वी प्रवेश करण्यास काही घराण्यांचा आचार अनुकूल नसतो. तेथे घराण्याची रीतच निर्णायक ठरते.

पाहुणे आणि सत्यनारायण

पाळीच्या कामगाराला पंगतीसाठी दुपारी एकला येणे शक्य नसते. पहिली पाळी सुटल्यावर तो चारच्या पुढे येतो, तर दुपारच्या पाळीचा पाहुणा सकाळीच डोकावून जातो. यावर समाजाने काढलेला तोडगा म्हणजे त्याच दिवशी सायंकाळी होणारी सत्यनारायण पूजा. तिला काटेकोर लग्नशुद्धीची अट नसल्याने तिची वेळ पुढेमागे होऊ शकते आणि सव्वाच्या मापाचा शिरा उशिरा येणाऱ्यालाही प्रसाद म्हणून मिळतो. मुख्य विधीला न पोहोचलेला पाहुणाही त्यामुळे कार्यात सहभागी ठरतो.

गोंधळ होतो तो निमंत्रणपत्रिकेमुळे. पत्रिकेवर एकच वेळ छापली जाते आणि निम्मे पाहुणे ती भोजनाची समजतात. जेथे मुहूर्त, भोजन आणि तीर्थप्रसाद यांच्या वेळा वेगवेगळ्या छापल्या जातात, तेथे पहिल्या पंगतीची गर्दी निम्म्याने नाही तरी जाणवण्याइतकी कमी होते आणि स्वयंपाक्यालाही पोळ्या किती वाजता तव्यावर टाकायच्या ते कळते.

समारोप

घटिकापात्राच्या काळात सर्वांचा दिवस मुहूर्ताभोवती फिरत असे. प्रमाणवेळ आणि पाळी आल्यानंतर मुहूर्त दिवसातील एका क्षणापुरता उरला, परंतु त्या क्षणाची अचूकता मात्र टिकली. शिरोलीतील गृहप्रवेशाचा सुघड दिनक्रम हा या दोहोंतील फरक ओळखण्यावर उभा आहे. उंबरठ्याची वेळ पुरोहिताकडून स्थानिक सूर्यानुसार पक्की करून घ्यावी, होम मागे मोजून बसवावा, आणि उरलेला दिवस पाहुण्यांसाठी मोकळा ठेवावा. या क्रमात परंपरेचा भंग होत नाही, कारण परंपरेने बांधले होते ते इतकेच.