तुकड्यांचं फंक्शन, डावी-उजवी लिमिट आणि फोनच्या रंगांमधली एक न दिसणारी फट

मध्यंतरी मी एक छोटं वेब पेज बनवत होतो. अक्षराचा रंग आणि मागचा रंग दिला, की मजकूर नीट वाचता येईल का ते सांगणारं. त्यासाठी रंगाच्या आकड्यावरून प्रत्यक्ष उजेड किती ते काढावं लागतं. सूत्र शोधलं तर एका ठिकाणी ०.०४०४५ हा आकडा होता, दुसऱ्या ठिकाणी ०.०३९२८. बाकी सूत्र अगदी तेच. मग बरोबर कोणतं? याचं उत्तर मला शेवटी अकरावी-बारावीच्या लिमिटच्या धड्यात सापडलं. म्हणून आज तोच धडा, पण फोनच्या स्क्रीनवरून.

तुकड्यांचं फंक्शन म्हणजे काय?

एकाच फंक्शनला वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे नियम असतील तर ते तुकड्यांचं फंक्शन. आधी साधं उदाहरण घेऊ:

```
f(x) = x^2 + 1    (x < 2)
f(x) = 7 - x      (x > 2)
f(2) = 0
```

२ हा इथला सांधा आहे. तिथे लिमिट आहे का हे ठरवायचं तर दोन्ही बाजूंनी वेगवेगळं जावं लागतं.

डावीकडून येताना x हा २ पेक्षा लहानच राहतो: १.९, १.९९, १.९९९. म्हणजे लागू होतो फक्त पहिला नियम. त्यात २ टाकला की ४ + १ = ५. ही झाली डावी लिमिट. उजवीकडून येताना x असतो २.१, २.०१, २.००१. इथे दुसरा नियम, ७ − २ = ५. ही उजवी लिमिट. दोन्ही ५ आल्या, म्हणून २ जवळची लिमिट आहे आणि ती ५ आहे.

मग f(2) = 0 दिलंय त्याचं काय? काहीच नाही. लिमिट विचारते की २ च्या जवळ जाताना फंक्शन कुठे चाललंय. नेमकं २ वर काय ठेवलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. हा आकडा लागतो तो फंक्शन तिथे अखंड आहे का हे तपासताना. इथे लिमिट ५ आणि किंमत ०, म्हणून फंक्शन अखंड नाही, पण लिमिट मात्र आहे. परीक्षेत मार्क जातात ते बहुतेक इथेच.

आता दुसरा नियम बदलून 8 - x करा. उजवी लिमिट ६ होते, डावी ५ च राहते. दोन्ही बाजूंना लिमिट आहे, पण आकडे वेगळे, म्हणून दुहेरी लिमिट अस्तित्वात नाही. इथे "सरासरी साडेपाच" असलं काही उत्तर नसतं.

आणखी एक गोष्ट. ही डावी-उजवी कसरत फक्त सांध्यावर करायची. x = 1 जवळची लिमिट विचारली तर १ च्या दोन्ही बाजूंना पहिलाच नियम आहे. सरळ १ टाका, उत्तर २.

आता फोनच्या स्क्रीनवरचं खरं फंक्शन

वेबवरचे बहुतेक रंग sRGB पद्धतीने लिहिलेले असतात. तिचं अधिकृत मानक IEC 61966-2-1, साल १९९९. त्यात लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाचा आकडा ० ते २५५ मध्ये असतो. तो २५५ ने भागला की ० ते १ मधला x मिळतो. या x वरून प्रत्यक्ष उजेड काढायचं फंक्शन असं आहे:

```
f(x) = x / 12.92                      (x <= 0.04045)
f(x) = ((x + 0.055) / 1.055)^2.4      (x > 0.04045)
```

दोन तुकडे का? सगळीकडे घाताचंच सूत्र वापरलं असतं तर अगदी काळ्याजवळ आलेख जवळजवळ आडवा झाला असता. मग उलटं, म्हणजे उजेडावरून रंगाचा आकडा काढताना, तिथे चढ फारच उभा होतो आणि गडद भागातली बारीकशी चूकही मोठी होते. म्हणून सुरुवातीला सरळ रेषा दिली आणि पुढे घाताचा वक्र जोडला. रेषा आणि वक्र ०.०४०४५ वर भेटायला हवेत. भेटतात का?

डावी लिमिट: पहिल्या नियमात ०.०४०४५ टाका.

```
0.04045 / 12.92 = 0.00313080495...
```

उजवी लिमिट: दुसऱ्या नियमात तोच आकडा.

```
(0.09545 / 1.055)^2.4 = 0.00313080728...
```

सुरुवातीचे आकडे जुळतात: 0.0031308. मग पुढे एकीकडे 0495, दुसरीकडे 0728. फरक साधारण 0.0000000023. म्हणजे गणिताच्या भाषेत ०.०४०४५ वर या फंक्शनची दुहेरी लिमिट अस्तित्वात नाही! इतकी वर्षं स्क्रीन्स ज्या फंक्शनवर चालतायत, त्यात एक बारीकशी उडी आहे.

"कॅल्क्युलेटरची चूक असेल ना?"

मलाही आधी हेच वाटलं. ते तपासायचा मार्ग असा: सांध्यापासून दोन्ही बाजूंना h इतकं लांब उभं राहायचं, दोन किमतींतला फरक काढायचा आणि मग h लहान लहान करत जायचं. फोनवर पायथनचं कुठलंही ॲप असेल तर हे चालवून बघा:

```
def L(x): return x/12.92
def R(x): return ((x+0.055)/1.055)**2.4
a = 0.04045
for h in [1e-5, 1e-7, 1e-9, 1e-11]:
    print(h, R(a+h) - L(a-h))
```

येणारे फरक साधारण असे:

```
h = 1e-5     1.56e-06
h = 1e-7     1.79e-08
h = 1e-9     2.49e-09
h = 1e-11    2.33e-09
```

पहिल्या दोन ओळींत h शंभरपट लहान झाला तेव्हा फरकही जवळजवळ तितकाच लहान झाला. इथे थांबलो असतो तर "फरक शून्याकडे चाललाय, लिमिट आहे" असं लिहून मोकळे झालो असतो. तिसऱ्या ओळीत घसरण मंदावली आणि चौथ्या ओळीत 2.33e-09 वर येऊन अडकली. h अजून लहान करा, फरक तिथून हलत नाही. हीच उडीची खूण आहे. आणि या गणितात पायथनची स्वतःची चूक साधारण सतराव्या-अठराव्या दशांश स्थळी येते. आपला फरक नवव्या स्थळी आहे, म्हणजे तो खराच आहे.

पण हे उलट दिशेने वापरू नका. फरक कमी होत होत दिसेनासा झाला म्हणजे दोन्ही लिमिट सारख्या आहेत असं सिद्ध होत नाही. उडी मशीनच्या अचूकतेपेक्षा लहान असेल तर कोष्टकात ती दिसणारच नाही. "सारख्या आहेत" हे सांगायचं तर सूत्रात बिंदू टाकून, बीजगणितानेच सांगायचं.

आलेखाचं तर नावच नको. डेसमॉससारख्या ॲपमध्ये हे फंक्शन काढलं तर रेषा आणि वक्र एकदम चिकटलेले दिसतात. समजा स्क्रीनच्या उंचीवर २००० पिक्सेल आहेत आणि त्यात ० ते १ मावतंय, तर एका पिक्सेलचं अंतर ०.०००५ होतं. आपली फट त्याच्या दोन लाखाव्या भागापेक्षाही लहान आहे. आलेख बघून अंदाज जरूर करा, निकाल मात्र देऊ नका.

फट आली कुठून?

आकडे गोल केल्यामुळे. बाकीचे आकडे तसेच ठेवून ०.०४०४५ वर दोन्ही लिमिट सारख्या करायच्या असतील तर भाजक k किती हवा ते काढू:

```
0.04045 / k = 0.00313080728...
k = 12.91999...
```

लिहिताना १२.९१९९९ चं १२.९२ झालं, आणि तेवढ्याने सांधा उघडा राहिला. पुस्तकात "k ची किंमत काढा म्हणजे लिमिट अस्तित्वात येईल" असा प्रश्न असतो ना, तो नेमका हाच. डावी लिमिट बरोबर उजवी लिमिट मांडायचं आणि k सोडवायचा.

आणि तो ०.०३९२८?

हा आकडा sRGB च्या जुन्या मसुद्यातला. तिथून तो WCAG 2.0 या २००८ च्या वेब सुलभतेच्या नियमांत आला आणि अनेकांच्या कोडमध्ये राहून गेला. तोच तपास इथे करा. डावी लिमिट 0.00304025, उजवी 0.00303949. फरक सुमारे 0.00000076, म्हणजे आधीच्या फटीच्या तीनशेपटीहून जास्त. आणि इथे उजवी लिमिट डावीपेक्षा लहान आहे. म्हणजे सांधा ओलांडताना रंगाचा आकडा वाढतो, पण उजेड किंचित कमी होतो! लिमिट दोन्ही ठिकाणी नाही, पण ०.०४०४५ ची फट कितीतरी बारीक आहे. मी तोच ठेवला.

मग माझं पान आधी चुकीची उत्तरं देत होतं का? नाही. आठ बिटच्या रंगात १० म्हणजे १०/२५५ = ०.०३९२२, आणि ११ म्हणजे ०.०४३१४. दोन्ही सांधे या दोघांच्या मध्ये पडतात. म्हणून कुठलाही आकडा घ्या, १० पर्यंत रेषेचं सूत्र लागतं आणि ११ पासून वक्राचं. पूर्ण आकड्यांच्या रंगांत फटीवर कुणी पाय ठेवतच नाही. फरक पडू शकतो तो रंग अपूर्णांकात असताना, जसं दशांशात चालणारं फोटो एडिटिंग. तिथेही एवढी उडी डोळ्याला दिसत नाही. पण एका कोडमध्ये एक आकडा आणि दुसऱ्यात दुसरा असेल, तर दोन्हींची उत्तरं दशांशापर्यंत जुळवून बघताना ती जुळत नाहीत आणि माणूस तासभर बग शोधत बसतो. मी बसलो होतो.

उत्तरपत्रिकेत मात्र "डोळ्याला दिसत नाही" चालत नाही. डावी लिमिट लिहा, उजवी लिहा, दोन्ही नेमक्या सारख्या असतील तरच लिमिट आहे म्हणा. नवव्या दशांशात फरक असला तरी उत्तर एकच: अस्तित्वात नाही.