कॅप्टन नेमोचं सत्तावन्न

गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या बाराव्या वाढदिवसासाठी मी ज्यूल व्हर्नचं ‘मिस्टीरियस आयलंड’ मागवलं. लहानपणी व्हर्न मला मराठीतून भेटला होता, भा. रा. भागवतांच्या रूपांतरांमधून. इथे वाढलेल्या भाचीला मराठी बोलता येतं, पण सहाशे पानं वाचण्याइतकं नाही. म्हणून इंग्रजी. ऑनलाइन दुकानात दहा-बारा आवृत्त्या होत्या. मी ‘संपूर्ण, असंक्षिप्त’ असं छापलेली त्यातली स्वस्त प्रत घेतली आणि देण्यापूर्वी सहज चाळायला बसले. शेवटाकडच्या एका प्रकरणात असं काही वाचलं की पुस्तक तिला न देता स्वतःकडेच ठेवलं.

ज्यांनी हे पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ ही कादंबरी 1869-70 मध्ये फ्रेंचमध्ये क्रमशः आली. तिचा नायक कॅप्टन नेमो ‘नॉटिलस’ नावाची पाणबुडी घेऊन जगापासून तुटून राहतो. तो कोण, कुठला, हे त्या पुस्तकात कळत नाही. व्हर्नच्या मनात तो पोलिश सरदार होता. 1863 चा पोलंडमधला उठाव रशियाने चिरडला, त्यात कुटुंब गमावलेला. पण प्रकाशक एत्झेल यांना रशियातले वाचक गमवायचे नव्हते. पुष्कळ वादावादी झाली आणि नेमोचा देश गाळला गेला.

तो उघड झाला 1874-75 मध्ये, ‘मिस्टीरियस आयलंड’च्या अखेरीस. मरणाच्या दारात असलेला नेमो बेटावर अडकलेल्या अमेरिकनांना आपली हकीकत सांगतो. त्याचं खरं नाव प्रिन्स डक्कर. तो बुंदेलखंडातल्या एका स्वतंत्र संस्थानाच्या राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानचा भाचा. हे नातं व्हर्नने कल्पनेने जुळवलेलं आहे, इतिहास म्हणून ते धरू नये. पण बुंदेलखंड म्हटल्यावर आपल्याला छत्रसाल आठवतो, बाजीराव आठवतो, झाशी आठवते. आणि हा राजपुत्र लढतो तो 1857 च्या उठावात. म्हणजे साहित्यातला सगळ्यात प्रसिद्ध पाणबुडीवाला सत्तावन्नचा बंडवाला आहे. ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असायला हवी तितकी माहीत नाही, आणि याला एक कारण आवृत्त्यांमध्ये दडलेलं आहे.

मूळ फ्रेंचमध्ये व्हर्न सांगतो ते थोडक्यात असं: 1857 साली शिपायांचा मोठा उठाव झाला. डक्कर हा त्या उठावाचा प्राण होता, त्याची आखणी त्याने केली. आपली बुद्धी आणि संपत्ती त्याने या कामी ओतली. देश सोडवायला उठलेल्या साध्यातल्या साध्या माणसासारखा तो पहिल्या फळीत लढला, दहा वेळा जखमी झाला. इंग्रजांची हिंदुस्थानातली सत्ता इतकी धोक्यात कधीच आली नव्हती, असंही व्हर्न म्हणतो. उठाव फसला. डक्करची बायको आणि मुलं मारली गेली, त्याच्या डोक्यावर बक्षीस लागलं. वीस विश्वासू साथीदार घेऊन तो नाहीसा झाला, आणि पुढे ‘नॉटिलस’ बांधली.

माझ्या हातातल्या प्रतीत त्याच जागी काय होतं? इंग्रज राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानला अराजक, सततच्या लढाया आणि हालअपेष्टा यांतून बाहेर काढून शांतता आणि समृद्धी दिली होती. पण डक्करइतकेच महत्त्वाकांक्षी आणि त्याच्याहून कमी शहाणे नि अधिक बेमुर्वत अशा राजेरजवाड्यांनी लोकांना भरीला घातलं. अज्ञानी आणि अंधश्रद्ध जनता या कावेबाज पुढाऱ्यांच्या हातचं बाहुलं बनली. हे मी माझ्या शब्दांत सांगते आहे, पण सूर हाच. ज्या माणसाने या राज्याविरुद्ध लढताना सगळं गमावलं, त्याच्याच हकीकतीत त्या राज्याची तरफदारी येते.

हे व्हर्नने लिहिलेलं नाही. हे 1875 च्या इंग्रजी भाषांतरात आलं. ते लंडनच्या सॅम्पसन लो या प्रकाशनाने काढलं. मुखपृष्ठावर डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन हे मुलांसाठी सागरकथा लिहिणाऱ्या लेखकाचं नाव आहे, भाषांतराचं काम मात्र त्यांच्या पत्नी अ‍ॅग्नेस किंग्स्टन यांचं होतं. उठावाला तेव्हा जेमतेम अठरा वर्षं झाली होती. इंग्रज मुलांच्या भेटीच्या पुस्तकात सत्तावन्नच्या पुढाऱ्याला नायक म्हणून ठेवणं अवघड, आणि नेमोला काढून टाकणं तर अशक्यच. मग त्याच्या गोष्टीतला परिच्छेद बदलला गेला.

आता मुद्द्याकडे येते. जाडजूड अभिजात पुस्तक घेताना आपण विचारतो, ‘संक्षिप्त घ्यावं की संपूर्ण?’ किंग्स्टन भाषांतर या परीक्षेत जवळजवळ पास होतं. ते जाड आहे, मुळातली प्रकरणं त्यात आहेत, म्हणून छापणारा त्यावर ‘असंक्षिप्त’ असा शिक्का मारू शकतो. भाषांतरकाराने दिलेला मजकूर पूर्ण आहेच. पण तो मूळ मजकूर आहे का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर त्या शिक्क्यात नसतं.

‘वीस हजार लीग’च्या बाबतीत उलटं घडलं. त्याचं पहिलं इंग्रजी भाषांतर लुइस मर्सियर या पाद्रीबाबांनी ‘मर्सियर लुइस’ या नावाने केलं. त्यात जवळजवळ पाव पुस्तक गाळलेलं आहे, आणि गाळल्याचा उल्लेख नाही. माशांच्या लांबलचक याद्या गेल्या, त्याचं कुणाला फारसं वाईट वाटणार नाही. पण शास्त्राचे आणि राजकारणाचे तुकडेही गेले. उरलेल्यात चुका शिरल्या. ‘नॉटिलस’चं कवच पोलादाचं. मुळात त्याची घनता पाण्याच्या ‘सात, आठ दशांश’ पट दिली आहे, म्हणजे 7.8. मर्सियरने त्यातल्या स्वल्पविरामाकडे दुर्लक्ष करून ती केली 0.7 ते 0.8. म्हणजे पोलाद पाण्यावर तरंगायला लागलं! पाणबुड्याच्या पोशाखाचं त्यांनी केलं ‘बुचाचं जाकीट’. ते घालून माणूस समुद्रतळाशी कसा चालेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही. इंग्रजी वाचणाऱ्या जगात व्हर्न बराच काळ पोरकट, शास्त्रात कच्चा लेखक समजला गेला. वॉल्टर जेम्स मिलर या अमेरिकन अभ्यासकाने 1965 मध्ये आणि पुढे 1976 च्या सटीप आवृत्तीत दाखवून दिलं की यातल्या कितीतरी चुका व्हर्नच्या नव्हत्याच.

मग ही भाषांतरं अजून विकली का जातात? कारण साधं आहे. ती दीडशे वर्षांपूर्वीची, म्हणजे स्वामित्वहक्कातून मोकळी. कुणीही फुकट उचलावीत, नवं मुखपृष्ठ लावावं आणि छापावीत. चांगल्या नव्या भाषांतराचे पैसे द्यावे लागतात. म्हणून स्वस्त आवृत्ती आणि फुकटचं ई-बुक यांत बहुधा हाच मजकूर असतो.

तो ओळखायचा कसा? पहिली खूण भाषांतरकाराचं नाव. आतल्या पानावर ते नसेल, तर जुना फुकट मजकूर उचलला आहे असं समजायला हरकत नाही. दुसरी खूण पात्रांची नावं. मुळात बेटावरच्या इंजिनियरचं नाव सायरस स्मिथ आहे, किंग्स्टनमध्ये तो सायरस हार्डिंग होतो. दुकानाच्या संकेतस्थळावर आतली दोन पानं दिसली तरी एवढं कळतं. तिसरी खूण म्हणजे तो परिच्छेदच. तिसऱ्या भागाच्या सोळाव्या प्रकरणात, शेवटून पाचव्या, 1857 हा आकडा शोधायचा आणि पुढच्या चार ओळी वाचायच्या. ‘वीस हजार लीग’मध्ये घनतेचा आकडा बघायचा. तिथे शीर्षकही थोडी मदत करतं. मुळात ‘समुद्रांखाली’ असं अनेकवचन आहे. इंग्रजीत ‘सीज’ दिसलं तर ती बहुधा नवी, काळजीपूर्वक केलेली आवृत्ती. ‘सी’ दिसलं म्हणून मात्र वाईटच असं नाही.

चांगले पर्याय आहेत. ‘वीस हजार लीग’साठी विल्यम बुचर यांचं ऑक्सफर्डचं भाषांतर, किंवा फ्रेडरिक पॉल वॉल्टर यांचं, जे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. मर्सियरचंही तिथेच आहे, म्हणून नाव बघून उतरवून घ्या. ‘मिस्टीरियस आयलंड’साठी सिडनी क्रॅविट्झ किंवा जॉर्डन स्टंप.

आणि संक्षिप्त? त्याला माझा विरोध नाही. दहा वर्षांच्या मुलाला माशांची वर्गवारी वाचायला लावून व्हर्नचा कंटाळा आणण्यात अर्थ नाही. संक्षिप्त रूपांतर निदान स्वतःला संक्षिप्त म्हणवतं. पुढे मोठं पुस्तक आहे, हे वाचणाऱ्याला कळतं आणि तो कधीतरी त्याच्याकडे जातो. मी तशीच गेले. फसवतं ते स्वतःला पूर्ण म्हणवणारं अपुरं किंवा बदललेलं पुस्तक, कारण ते वाचून संपलं की शोधायला काही उरलं आहे असं वाटतच नाही. किंग्स्टनच्या इंग्रजीवरून जो कुणी आपल्या भाषेत उतरवेल, तोही कितीही प्रामाणिक असला तरी तोच परिच्छेद पुढे नेईल.

मूळ वाचलं म्हणजे सगळं निर्मळ मिळतं, असंही नाही. मुळातही एत्झेल यांचा हात आहेच. रशियावर राग धरायला मनाई होती, इंग्रजांवर धरायला नव्हती, म्हणून पोलिश नेमोचा हिंदी राजपुत्र होणं सोयीचं पडलं. आणि हकीकत ऐकल्यावर सायरस स्मिथ नेमोला सुनावतो की, गेलेला काळ परत आणता येईल असं वाटणं ही तुझी चूक, तू अटळ प्रगतीविरुद्ध लढलास. हे व्हर्नचंच आहे, कुणी घुसवलेलं नाही. मला ते पटत नाही. पण इथे वाद व्हर्नशी घालता येतो. किंग्स्टनच्या पुस्तकात आपण कुणाशी वाद घालतो आहोत, हेच कळत नाही.

भाचीला शेवटी स्टंप यांचं भाषांतर दिलं. आठवड्याभराने तिचा फोन आला: “मावशी, नेमो इंडियन आहे हे तू मला आधी का नाही सांगितलंस?” मी म्हटलं, प्रकरण पूर्ण वाच, मग बोलू. दुसऱ्या दिवशी ती सायरस स्मिथवर भयंकर चिडलेली होती. जुनी प्रत माझ्याकडेच आहे. दोन वर्षांनी ते दोन परिच्छेद तिच्यासमोर शेजारी शेजारी ठेवणार आहे.