रोहित्र : वेढ्यांचे गुणोत्तर व कार्यक्षमता (आकृती किंवा आकडे नसताना)

रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मर) उदाहरणात जोडणीची आकृती किंवा काही आकडे नसतील, तर उरलेल्या माहितीवरून काय काढता येते आणि काय येत नाही, हे ठरवण्याची रीत. शालान्त व बारावीच्या गणितांत आणि प्रत्यक्ष वितरण रोहित्राची तपासणी करताना हा प्रश्न येतो.

मूळ संबंध. आदर्श रोहित्रात दाबांचे गुणोत्तर वेढ्यांच्या गुणोत्तराइतके असते आणि प्रवाहांचे गुणोत्तर त्याच्या उलट.

```
Vp/Vs = Np/Ns = Is/Ip
```

यातले पहिले समीकरण प्रत्यक्षात, विशेषतः भार नसताना, जवळजवळ तंतोतंत जुळते. दुसरे समीकरण हानी शून्य धरल्यावरच खरे ठरते. म्हणून नुसत्या वेढ्यांवरून कार्यक्षमता काढता येत नाही. वेढे तेच ठेवून गाभ्याची पत्री किंवा तारेची जाडी बदलली, तरी गुणोत्तर तेच राहते आणि कार्यक्षमता बदलते.

एकफेज उदाहरण. समजा, २३० व्होल्टचे रोहित्र १२ व्होल्ट, २४ वॅटचा दिवा पेटवते आणि प्राथमिक गुंडाळीत ०.१२ अँपिअर प्रवाह आहे. पॉवर फॅक्टर दिलेला नाही, म्हणून तो १ धरला. दिव्याचा प्रवाह २ अँपिअर. दाबांवरून गुणोत्तर २३० ÷ १२ = १९.२, तर प्रवाहांवरून २ ÷ ०.१२ = १६.७ येते. दोन उत्तरे जुळत नाहीत, तेव्हा रोहित्र आदर्श नाही एवढे निश्चित होते. आत जाणारी शक्ती २७.६ वॅट आणि बाहेर येणारी २४ वॅट, म्हणजे कार्यक्षमता सुमारे ८७ टक्के. १६.७ ला १९.२ ने भागले तरी हेच उत्तर मिळते. यातला प्राथमिक प्रवाह दिलेला नसता, तर कार्यक्षमता अनिर्णित राहिली असती. १०० टक्के असे लिहिणे म्हणजे उत्तर नव्हे, ते गृहीतक आहे आणि ते तसे नमूद करावे लागते.

तीनफेज रोहित्र : आकृती नसल्याने होणारी चूक. पुणे शहरात वितरणाचा उच्च दाब काही भागांत २२ केव्ही, तर काही भागांत ११ केव्ही आहे. गंजामुळे किंवा रंगामुळे नामपट्टीवरचा हा आकडा वाचता आला नाही आणि तो अंदाजाने घेतला, तर गुणोत्तर थेट दुप्पट किंवा निम्मे होते.

आकडे वाचता आले तरी जोडणी कळावी लागते. ११,०००/४३३ व्होल्टच्या रोहित्रात या दोन आकड्यांचा भागाकार २५.४ येतो. मात्र सर्वसाधारण वितरण रोहित्रात उच्च दाबाची बाजू डेल्टा आणि लघुदाबाची स्टार असते (नामपट्टीवर Dyn11). डेल्टात गुंडाळीवर पूर्ण ११,००० व्होल्ट येतात, तर स्टारमध्ये ४३३ ÷ √३ = २५० व्होल्ट. म्हणून वेढ्यांचे खरे गुणोत्तर ४४ असते. २२ केव्हीसाठी ते ८८ होते.

पट्टीच नसेल, तर बुशिंग मोजून सुगावा लागतो. उच्च बाजूला तीन आणि लघुबाजूला चार बुशिंग असतील, तर चौथे न्यूट्रलचे असते. त्यामुळे लघुबाजू स्टार असल्याचे बहुधा समजते. उच्च बाजू डेल्टाच आहे हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी गुणोत्तर-मापकाने तपासावे लागते.

कार्यक्षमता. येथे दोन हानी स्वतंत्रपणे माहीत असाव्या लागतात. लोह-हानी भार असो वा नसो, जवळजवळ स्थिर राहते आणि ती ओपन सर्किट चाचणीत मिळते. ताम्र-हानी भाराच्या वर्गाप्रमाणे वाढते आणि ती शॉर्ट सर्किट चाचणीत मिळते. उदाहरणार्थ, १०० केव्हीए रोहित्राची लोह-हानी २६० वॅट आणि पूर्ण भाराची ताम्र-हानी १,७६० वॅट धरू. पॉवर फॅक्टर ०.८ असता पूर्ण भारावर बाहेर येणारी शक्ती ८०,००० वॅट आणि एकूण हानी २,०२० वॅट, म्हणजे कार्यक्षमता ९७.५ टक्के. निम्म्या भारावर ताम्र-हानी चौथाई, म्हणजे ४४० वॅट होते. एकूण हानी ७०० वॅट राहते आणि कार्यक्षमता ९८.३ टक्क्यांवर जाते. दोन्ही हानी सारख्या होतात तेथे, म्हणजे सुमारे ३८ टक्के भारावर, कार्यक्षमता सर्वाधिक असते. भार आणि पॉवर फॅक्टर न देता कार्यक्षमता विचारली, तर ती एकच संख्या नसते.

संज्ञा. गुणोत्तर प्राथमिक भागिले द्वितीयक की द्वितीयक भागिले प्राथमिक, याबाबत पुस्तकांत एकवाक्यता नाही. उत्तरात व्याख्या आधी लिहावी.

टॅप. टॅप बदलणी असलेल्या रोहित्रात गुणोत्तर टॅपच्या जागेनुसार बदलते.