लहान मुलांना संवाद पाठ न करता सिनेमात अभिनय कसा करायला लावतात?

एखाद्या मालिकेत लहान मुलाचा सीन चालू असेल तर एक गोष्ट करून बघा. तो बोलत असताना नाही, समोरचं मोठं माणूस बोलत असताना त्याच्या ओठांकडे लक्ष द्या. बऱ्याचदा ते ओठ हळूच हलत असतात. पोराने आपल्याबरोबर समोरच्याचेही संवाद पाठ केलेले असतात आणि तो मनातल्या मनात आपला नंबर कधी येतोय याची वाट बघत असतो. नंबर आला की वाक्य येतं, पण ते वक्तृत्व स्पर्धेच्या सुरात. आणि वाक्य संपलं की डोळे कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या दिग्दर्शकाकडे जातात, बरोबर म्हटलं ना, असं विचारायला.

यात पोराची काही चूक नसते. शाळेत कविता म्हणून दाखवायची असते तेव्हा आपण त्याला हेच शिकवलेलं असतं.

म्हणून काही दिग्दर्शक मुलांच्या हातात स्क्रिप्टच देत नाहीत.

आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अमोल गुप्तेंचा २०११ साली आलेला ‘स्टॅनली का डब्बा’. शाळेत डबा न आणणारा एक पोरगा आणि पोरांचे डबे खाणारे हिंदीचे मास्तर, एवढीच गोष्ट. पण हा सिनेमा नेहमीसारखं शेड्यूल लावून शूट झाला नाही. शनिवारी मुलांची कार्यशाळा भरायची, चार-पाच तास चालायची, आणि त्यातच शूटिंग व्हायचं. असं जवळपास दीड वर्ष चाललं. सिनेमॅटोग्राफर अमोल गोळे यांनी सगळा सिनेमा कॅनन ७डी या फोटो काढायच्या कॅमेऱ्यावर शूट केला. मोठ्या फिल्म कॅमेऱ्यासमोर मूल लगेच ताठ होतं. हा कॅमेरा मात्र घरातल्या लग्नात फोटोग्राफरच्या गळ्यात असतो तसलाच.

दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. ते डबेखाऊ वर्मा सर स्वतः गुप्तेंनीच केलेत. म्हणजे बऱ्याच सीनमध्ये दिग्दर्शक मॉनिटरमागे नाही, मुलांच्या समोर उभा आहे. कॅमेरा चालू असताना तो पात्र म्हणून काहीही विचारू शकतो आणि मुलाला उत्तर द्यावंच लागतं. ते उत्तर पाठ केलेलं नसतं.

जपानचे हिरोकाझू कोरे-एडा हेच वेगळ्या पद्धतीने करतात. २००४ च्या ‘नोबडी नोज’मध्ये आई सोडून गेलेली चार भावंडं आहेत. त्यातल्या मुलांना त्यांनी स्क्रिप्ट दिली नाही. सीनच्या आधी जवळ जाऊन, आता तू ताईला असं विचार, एवढंच तोंडी सांगायचं. ऐकलेलं वाक्य मूल आपल्या शब्दांत म्हणतं आणि तिथेच पाठांतराचा सूर गळून पडतो. त्यातल्या थोरल्या भावाचं काम करणाऱ्या युया यागिराला वयाच्या १४ व्या वर्षी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

आता हे सेटवर नेमकं होतं कसं? एक साधा सीन धरू. सात वर्षांच्या मुलीकडून बाबांचा चष्मा फुटलाय. तो तिने पाठीमागे लपवलाय आणि आई विचारतेय.

पाठांतराच्या पद्धतीत तिला सांगतात, तू घाबरलीयेस, घाबरल्यासारखं कर. मग ती डोळे मोठे करते, कारण घाबरलेली माणसं टीव्हीवर तशीच दिसतात.

खेळाच्या पद्धतीत भीतीचं नाव काढत नाहीत. तिच्या हातात एक गोटी देतात आणि सांगतात, गोटी कुठल्या मुठीत आहे ते ह्या मावशीला कळता कामा नये. मावशी म्हणजे आईचं काम करणारी अभिनेत्री. ती पात्र म्हणून काहीबाही विचारत राहते. शाळेतून कधी आलीस? काय खाल्लंस? हात दाखव बरं. मुलीचं सगळं लक्ष गोटीवर, त्यामुळे उत्तरं तुटक येतात, नजर एकदा हाताकडे जाऊन पटकन परत येते. लपवणारं माणूस असंच दिसतं. कॅमेरा तेवढा वेळ फक्त चेहऱ्यावर असतो.

इथे ‘ॲक्शन’ असं ओरडत नाहीत. कॅमेरा आणि साउंड आधीच सुरू असतो आणि खेळातूनच सीन सुरू होतो. एक तुकडा अर्ध्या-पाऊण मिनिटाचा. झाला की लगेच दुसरा: ‘स्टॅच्यू’ म्हणून थांबवायचं आणि आईकडे पापणी न लववता बघायला लावायचं. तो टक लावलेला चेहरा एडिटिंगमध्ये आईच्या ‘चष्मा कुठंय?’ या प्रश्नाला जोडला की झालं. पाठीमागचे हात आणि फुटलेला चष्मा हा वेगळा शॉट, त्यात चेहरा लागतही नाही. तिला म्हणायचं असलेलं एकच महत्त्वाचं वाक्य शेवटी, सांगून लगेच म्हणून घ्यायचं.

तुकडे छोटे ठेवायचं कारण साधं आहे. खेळ दोनदा मजेचा असतो, तिसऱ्यांदा ठीक असतो, सहाव्यांदा मूल खेळत असल्याचा अभिनय करायला लागतं. उत्तरं तीच, त्याच क्रमाने यायला लागली की समजायचं खेळ संपला. तेव्हा खेळ बदलायचा किंवा सरळ खाऊची सुट्टी. वेळही मोजकाच असतो. आपल्या बालकामगार नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम करायला लावता येत नाही.

या पद्धतीचा त्रास एडिटरला होतो. प्रत्येक टेकमध्ये शब्द वेगळे, हात वेगळीकडे, एका टेकमध्ये केस कानामागे तर दुसऱ्यात तोंडावर. दिग्दर्शक मध्येच बोलला तर त्याचा आवाज मुलाच्या आवाजावर चढतो आणि तो तुकडा वाया जातो. म्हणून शक्य असेल तिथे दोन कॅमेरे लावतात, म्हणजे प्रश्न आणि उत्तर एकाच टेकमधलं मिळतं. मोठ्या कलाकारांचीही परीक्षाच असते, कारण त्यांना ठरलेला क्यू मिळतच नाही.

आणि खेळ कुठे संपतो, फसवणूक कुठे सुरू होते, हा खरा नाजूक भाग. १९३१ च्या ‘स्किपी’ या हॉलिवूड सिनेमात रडण्याचा सीन होता. जॅकी कूपरला रडू येईना, तेव्हा दिग्दर्शक नॉर्मन टॉरॉगने त्याच्या कुत्र्याला गोळी घालायची धमकी दिली. टॉरॉग त्याचा सख्ख्या नात्यातला माणूस, मावशीचा नवरा. सीन झाला. टॉरॉगला ऑस्कर मिळालं, नऊ वर्षांच्या जॅकीला नामांकन. पन्नास वर्षांनी जॅकीने आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच होतं ‘प्लीज डोन्ट शूट माय डॉग’.

गोटीच्या खेळात मुलीला माहीत असतं की हा खेळ आहे आणि ‘मला नाही खेळायचं’ म्हणायची सोय असते. जॅकीला ती नव्हती.

रडण्याचे सीन म्हणूनच अनेकदा न रडवता करतात. मूल पाठमोरं, खांद्यावर आईचा हात, आणि रडण्याचा आवाज नंतर.

बाकी ही पद्धत सगळीकडे चालत नाही. लांब संवाद असेल, एका शब्दावर पुढची गोष्ट अवलंबून असेल, किंवा मूल दहा-बारा वर्षांचं असेल, तर त्याला कळू लागतं आणि न सांगता खेळवणं त्यालाच खटकतं. खुद्द कोरे-एडांनी २०२३ च्या ‘मॉन्स्टर’मध्ये दोन्ही मुलांना स्क्रिप्ट आधीच वाचायला दिली होती.