कटऑफच्या रेषेवरची मुलं

शिष्यवृत्तीने मूल शिकत राहतं का? केजसारख्या तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. एनएमएमएसचे वर्षाला १२,००० रुपये नववी ते बारावी मिळतात, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरात ती रक्कम मोठी असते. पण शिष्यवृत्ती मिळालेल्यांची न मिळालेल्यांशी सरळ तुलना केली, तर उत्तर चुकतं. पहिली मुलं आधीपासूनच अभ्यासात पुढे असतात.

हा पेच १९६० साली अमेरिकेत डोनाल्ड थिस्लथ्वेट आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी सोडवला. नॅशनल मेरिट स्पर्धेत ठरावीक गुणांच्या वर असलेल्यांना प्रमाणपत्र आणि जाहीर कौतुक मिळे. दोघांनी त्या रेषेच्या अगदी अलीकडची आणि पलीकडची मुलं पाहिली. प्रमाणपत्रामुळे इतर शिष्यवृत्त्या मिळण्याची शक्यता वाढली होती, पुढच्या शिक्षणाच्या बेतांत मात्र फारसा फरक नव्हता. पुढे ही पद्धत जवळजवळ विसरली गेली. १९९०च्या दशकाअखेरीस अर्थशास्त्रज्ञांनी ती पुन्हा उचलली.

आता आपल्याकडे आणून बघू. एनएमएमएसला १८० गुण असतात. समजा, एका यादीचा कटऑफ ११२ लागला. (पुढचे आकडेही कल्पित आहेत.) यादीतली ९० टक्के मुलं बारावीला पोचली, बाहेरची ६० टक्के. फरक ३० टक्क्यांचा दिसतो. पण १११ आणि ११२ यांत हुशारीचा फरक तो किती? एखादा गोळा चुकला, एखादा अंदाज लागला, एवढाच. म्हणून दोन्ही बाजूंना गुणांनुसार वेगळी रेघ काढायची. डावी रेघ ११२ला पोचताना ७४वर असेल आणि उजवी ८२पासून सुरू होत असेल, तर शिष्यवृत्तीचा परिणाम ८ टक्क्यांचा. तोही फक्त रेषेजवळच्या मुलांसाठी. १५० गुणवाल्यांबद्दल ही उडी काही सांगत नाही.

हे सगळं एका अटीवर उभं आहे: शिष्यवृत्ती सोडून बाकी काहीही त्या रेषेवर अचानक बदलता कामा नये. अट दोन प्रकारे मोडते.

पहिला प्रकार, कुणी गुण नेमके रेषेपार ढकलणं. दहावीत ग्रेस गुणांमुळे ३५वर गर्दी होते, ३३-३४वर खड्डा पडतो. तिथे ३४ आणि ३५वाली मुलं सारखी मानता येत नाहीत. गुणांचा आलेख काढला की हे दिसतं. एनएमएमएसची यादी जिल्हा आणि प्रवर्गाच्या कोट्यानुसार लागते, म्हणून कटऑफ आधी कुणालाच ठाऊक नसतो. तिथे हा धोका कमी.

दुसरा प्रकार आलेखात दिसत नाही. एनएमएमएस उत्तीर्ण पण यादीत न आलेल्या मराठा-कुणबी मुलांना सारथीची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती मिळते, वर्षाला ९,६०० रुपये. म्हणजे रेषेखालच्या मुलाचा हातही रिकामा नसतो. त्या मुलांमध्ये उडी शून्य आली, तर शिष्यवृत्ती निरुपयोगी असं म्हणता येणार नाही. आपण मोजलेला असतो तो फक्त २,४०० रुपयांचा फरक.

म्हणून आकडेमोडीआधी मी एकच विचारतो: रेषेच्या खाली राहिलेल्या मुलाला नेमकं काय मिळालं?